अर्जवाल्या ताईंचे आठ हजार

सरकारी कचेऱ्यांच्या रांगेसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या दारालगत एक टेबल, टेबलावर संगणक, आणि त्यामागे एकतीस वर्षं एकच बाई. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला. खुर्ची दोनदा बदलली, बाई तीच राहिली. लोक त्यांना अर्जवाल्या ताई म्हणतात. नळाला पाणी नाही, ताई. शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, ताई. दाखल्यावर वडिलांचं वय मुलापेक्षा कमी पडलंय, ताई. प्रत्येकाचं गाऱ्हाणं ऐकून त्यातलं रडणं बाजूला काढायचं आणि उरेल ते एका पानात बसवायचं, हा त्यांचा धंदा.

त्यांच्या अर्जाची खरी ताकद पानाच्या तळाशी असे. सही संपली की डावीकडे त्या लिहीत: प्रत रवाना. आणि त्याखाली ओळीने नावं. वरचे साहेब, त्यांच्या वरचे साहेब, खात्याचे मंत्री, दक्षता विभाग. "साहेब अर्ज वरून वाचत नाहीत, खालून वाचतात," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. ज्या कारकुनाने तीन महिने फाइल दाबून ठेवली, तो तळाची यादी बघून तीन दिवसांत जागा व्हायचा. एकदा तर साध्या गटाराच्या झाकणासाठी त्यांनी सात ठिकाणी प्रती पाठवल्या होत्या. झाकण आलं. एक सोडून दोन आली.

अशा बाईचे स्वतःचे पैसे अडकले, तेव्हा मात्र हीच सवय त्यांच्या अंगाशी आली.

स्वतःचे म्हणजे तसे सासूबाईंचे. सासूबाई एक्याऐंशीच्या. पाय गेलेले, डोकं शाबूत. सासऱ्यांच्या मागे त्यांना निवृत्तिवेतन मिळे, ते ज्या खात्यात यायचं त्यावर सासू आणि सून दोघींची नावं होती, दोघींपैकी कोणीही सही करावी अशी सोय होती. दर महिन्याच्या पाच तारखेला ताईंनी कामावरून येताना आठ हजार काढायचे, सासूबाईंच्या हातात ठेवायचे, सासूबाईंनी ते मोजून उशीच्या अभ्र्यात सारायचे. त्यातून औषधं आणि दिवसा त्यांच्याजवळ बसणाऱ्या बाईचा पगार निघे. नऊ वर्षं हे चाललं होतं आणि नऊ वर्षांत एका नोटेचा फरक पडला नव्हता.

त्या पाच तारखेला नेहमीच्या मशीनवर कागद चिकटवला होता: बंद आहे. ताई चौकातल्या दुसऱ्या बँकेच्या मशीनकडे गेल्या. कार्ड घातलं, आकडा दाबला. आतून नोटा मोजल्याचा आवाज आला, फडफड नीट ऐकू आली, आणि मग काहीच नाही. ना नोटा, ना चिठ्ठी. कार्ड बाहेर आलं. पडद्यावर 'आभारी आहोत' आलं. दोन मिनिटांनी फोन वाजला, खात्यातून आठ हजार वजा. ताई पाऊण तास तिथे उभ्या राहिल्या. मागे रांग लागली, लोक चुकचुकले, कोणी म्हणालं, "येतील परत आपोआप, माझेही आले होते."

घरी येऊन त्यांनी झालं ते सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अगंबाई. बरं." एवढंच. पण दिलेला पाण्याचा पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला.

पैसे पाच दिवसांत आपोआप खात्यात जमा व्हायला हवेत, आणि नाही झाले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने शंभर रुपये भरपाई द्यायची, असा नियम आहे. हा नियम ताईंना झेरॉक्सवाल्याने सांगितला. झेरॉक्सवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवून जगभरची माहिती वाचणारा माणूस. सहाव्या दिवशी ताईंनी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. दहाव्या दिवशी एका ओळीचा संदेश आला: व्यवहार यशस्वी, तक्रार बंद.

रविवारी नणंद आईला भेटायला आली. वयाने ताईंपेक्षा लहान, बोलायला मऊ. संदेश तिनेही वाचला. "वहिनी, पण यशस्वी असं लिहिलंय गं," ती म्हणाली.

"मशीनच्या दृष्टीने यशस्वी."

"हो, तेच. म्हणजे मशीन म्हणतंय दिले." आणि मग घाईघाईने, "मी आपलं विचारलं हं. तू मनावर घेऊ नकोस."

कोणी काही म्हटलं नव्हतं. पण पुढच्या पाच तारखेच्या दोन दिवस आधी सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "या वेळी लेकीलाच सांगते कार्ड घेऊन जायला. तू दमून येतेस. कशाला तुला वाकडी वाट." नऊ वर्षं ताई दमूनच येत होत्या, ते सासूबाईंना त्या दिवशी दिसलं. ताईंनी कार्ड पर्समधून काढून दिलं. आत जाऊन पाण्याचा नळ उगाच दोन मिनिटं सुरू ठेवला. त्या क्षणापासून पैसे किती हा प्रश्नच उरला नाही. या घरात त्यांना चोर समजतात की नाही, एवढंच उरलं.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता, नुकताच निवृत्त झालेला. स्वभावाने गरीब. भांडणाचा वास आला की आधी चपला शोधणारा. तो म्हणाला, "मी भरतो ना आठ हजार. आईला सांगू बँकेने दिले. विषय संपला."

"तुम्ही भरलेत तर मी घेतले असं होईल."

"कोण म्हणतंय?"

"कोणी म्हणत नाही, हाच तर त्रास आहे. म्हणाले असते तर उत्तर दिलं असतं. तुम्ही एक पैसा भरायचा नाही. सांगून ठेवते."

त्याने मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलवायचा.

त्याआधीच, तो संदेश आल्याबरोबर, बँकेत खेपा घालून झाल्या होत्या. शाखेतल्या काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, मशीन आमचं नाही, त्या बँकेत विचारा. त्या बँकेत म्हणाले, खातं आमच्याकडे नाही, तुमच्या बँकेत विचारा. दोन्ही शाखांच्या मधलं अंतर चालत अकरा मिनिटं. ताईंनी ते चार वेळा तुडवलं. चौथ्यांदा परत आल्या तेव्हा त्यांचा पारा चढला होता, आणि पारा चढल्यावर त्या जे एकतीस वर्षं करत आल्या तेच त्यांनी केलं. बाराव्या दिवशी, दुपारी, गिऱ्हाइकाला थांबवून, त्यांनी स्वतःचा अर्ज लिहायला घेतला.

सुरेख अर्ज होता. झेरॉक्सवाल्याने दोनदा वाचला. प्रति, बँकिंग लोकपाल. विषय, यंत्रातून रक्कम न मिळता खात्यातून वजा झाल्याबाबत. तारीख, वेळ, मशीनचा पत्ता, रक्कम, फोनवरच्या तक्रारीचा क्रमांक. आणि तळाशी: प्रत रवाना. शाखा व्यवस्थापक. बँकेचे मुख्य कार्यालय. दुसऱ्या बँकेचे शाखा व्यवस्थापक. दुसऱ्या बँकेचे मुख्य कार्यालय. सगळी पाकिटं एकाच दिवशी टपालात पडली. "आता बघा कसे धावतात," ताई म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

कोणी धावलं नाही. अठरा दिवसांनी लोकपालांच्या कार्यालयाचं उत्तर आलं. तक्रार बंद करण्यात येत आहे. कारण, तक्रारदाराने आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस उत्तराची वाट पाहिल्याचं दिसून येत नाही.

ताईंनी ते पत्र तीनदा वाचलं. मग झेरॉक्सवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्यानेही वाचलं.

"ताई, लोकपाल म्हणजे शेवटचं दार आहे. आधी बँकेला लेखी द्यायचं. तिने नाही म्हटलं, किंवा महिनाभर तोंड उघडलं नाही, की मग इथे यायचं. तुम्ही दोघांना एकाच दिवशी पाठवलंत. बँकेला तर नुसती प्रत गेली, माहितीसाठी."

"फोन केला होता की."

"फोन लेखी नसतो."

"प्रत तर लेखी होती."

"प्रत तक्रार नसते, ताई." हे त्याने फार हळू सांगितलं. कारण ज्या बाईच्या प्रतींच्या जिवावर त्याच्या मशीनने वीस वर्षं पोट भरलं, तिला हे सांगणं त्याच्याही जिवावर आलं होतं.

कचेऱ्यांत वरचा साहेब खालच्याला दटावतो, म्हणून वरच्याला प्रत. हे गणित ताईंच्या हाडामासात मुरलेलं. लोकपाल बँकेचा साहेब नव्हे, तो निवाडा करणारा. त्याच्यापुढे जायचं तर आधी भांडण व्हायला हवं, समोरच्याने नाकारायला हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. लोकांचे हजारो अर्ज तडीस नेणारी बाई स्वतःच्या अर्जात पहिल्या पायरीवर घसरली. त्यांना लाज वाटली. सरळ, उघडी लाज. ते पत्र त्यांनी घरी नेलं आणि नेऊन चूक केली, कारण जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय आलं?" आणि त्या म्हणाल्या, "बंद केली तक्रार." कारण सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी आतून पाणी मागितलं, आणि ते राहून गेलं. घरच्यांच्या कानावर एवढंच गेलं: लोकपालांनीही बंद केली.

तेव्हापासून घरातलं वातावरण निवळलं. ताईंना ते कळलंही, पण कारण कळलं नाही. नणंद येताना त्यांच्यासाठी फळं आणायला लागली. सासूबाई गोड बोलायला लागल्या, आजाऱ्याशी बोलतात तसं. कोणी बँकेचा विषय काढेना. ताईंना वाटलं, कंटाळले असतील. मी कंटाळलेय, ते का कंटाळणार नाहीत?

कंटाळल्या होत्याच त्या. गुडघे दुखत, दुपारी डोळे मिटत, आणि गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकताना मध्येच त्यांना आपलंच ऐकू यायला लागे. पण चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा कागद घेतला. या वेळी एकच नाव: बँकेचा तक्रार निवारण विभाग, मार्फत शाखा व्यवस्थापक. तळ कोरा. एकतीस वर्षांत तळ कोरा असलेला त्यांचा हा पहिला अर्ज. खरं तर त्यांची एकटीची सही चालली असती, पण त्यांनी हट्टाने सासूबाईंच्या सहीची जागाही ठेवली. आईंनीही सही करावी, त्यांचंही नाव माझ्या बाजूला असावं, एवढीच इच्छा.

सासूबाईंनी कागद लांब धरला. "अगं, आता पुन्हा कशाला?"

"पैसे परत मिळवायला, आई."

"मिटलंय ना ते. जाऊ दे की आता. मी काही म्हणतेय का?"

"मिटलं कुठे?"

सासूबाईंनी सुनेकडे जरा वेळ पाहिलं, दयेने पाहावं तसं, आणि सही केली. ताईंनी त्या नजरेचा अर्थ म्हातारपण असा लावला.

शाखेत काउंटरवरच्या मॅडम पत्र ठेवून जा म्हणाल्या. ताई गेल्या नाहीत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे मात्र त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस मिनिटं उभ्या राहिल्या. पोच घेऊनच निघाल्या.

पोच घेतल्यापासून बाविसाव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं: यंत्राच्या नोंदीनुसार व्यवहार यशस्वी, आपली मागणी मान्य करता येत नाही. ताईंना ते वाचून बरं वाटलं. जगात नकाराचं पत्र मिळाल्यावर हायसं वाटलेल्या त्या बहुधा एकट्याच असतील. नकार हातात आला म्हणजे उरलेले दिवस थांबायलाही नको. झेरॉक्सवाल्याने त्यांच्यासमोर लोकपालांच्या संकेतस्थळावर तक्रार भरली. फोनवर पडताळणीसाठी आलेला आकडा घातला, खातेउतारा जोडला, बँकेची पोच जोडली, बँकेचं उत्तर जोडलं, हे प्रकरण न्यायालयात नाही अशा ठिकाणी खूण केली. फी नाही, वकील नाही. मागणी काय या रकान्यात ताईंनी स्वतः लिहिलं: रक्कम, नियमाप्रमाणे रोजची भरपाई, आणि त्या दिवशी मशीनमधली रोकड मोजली तेव्हा किती निघाली त्याची नोंद मला मिळावी.

"शेवटचं नका लिहू, पैसे मिळाले की झालं ना," झेरॉक्सवाला म्हणाला.

"तेच तर हवंय मला," ताई म्हणाल्या. "पैशांनी काय होणार?"

मग वाट पाहणं आलं. लोकपालांनी बँकेकडून खुलासा मागवला, बँकेने मुदत वाढवून घेतली, बँकेने दुसऱ्या बँकेला विचारलं. महिन्यांमागून महिन्यांची पाच तारीख आली नि गेली, कार्ड नणंदेकडेच राहिलं. ताई घरी येत, कणीक मळत, सासूबाईंचे पाय चोळून देत. कधी कधी त्यांना वाटे, चोर म्हणून जगणंही जमेल, फक्त झोप नीट लागू दे.

व्यवहाराच्या एकशे अठराव्या दिवशी खात्यात पैसे आले. आठ हजार, आणि वेगळ्या ओळीत अकरा हजार तीनशे. पाच दिवस सोडून एकशे तेरा दिवस, दिवसाला शंभर. दोन दिवसांनी लोकपालांच्या कार्यालयाचं पत्र, सोबत बँकेचा खुलासा जोडलेला. सदर दिनांकास संबंधित यंत्रातील रोकड मोजली असता रुपये आठ हजार जादा आढळले होते. ग्राहकास रक्कम प्राप्त झाली नव्हती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तक्रार निकाली.

ताईंनी त्याच्या चार प्रती काढल्या. झेरॉक्सवाल्याने पैसे घेतले नाहीत.

रविवार होता तो. नणंद आलेली, नवरा खुर्चीत, सासूबाई उशीला टेकून. ताईंनी पदराला हात पुसले आणि पत्र मोठ्याने वाचलं, गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात तसं, ठळक आवाजात, घाई न करता. आठ हजार जादा आढळले होते, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत दिली.

नणंदेचा चेहरा पडला. "वहिनी, मी कधी तसं म्हटलं नव्हतं हं," ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

सासूबाई मात्र पत्राकडे बघतच राहिल्या. "म्हणजे पैसे मशीनमध्येच होते?"

"हो, आई."

"मग त्याने दिलेले कुठले?"

"कोणी दिलेले?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्याने चष्मा काढला, पुसायला काही नव्हतं तरी पुसला.

"ती लोकपालाची चिठ्ठी आली ना, बंद केली म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा आठ हजार घेऊन आला. म्हणाला, आई, हे घे, आणि तिला काही विचारू नकोस. मी म्हटलं, बरं. मी विचारलं का तुला कधी? हिलाही सांगितलं, वहिनीला बोलायचं नाही म्हणून. चूक कोणाची होत नाही?"

ताई उभ्या होत्या त्या कॉटच्या कडेवर बसल्या. फळं, गोड बोलणं, सही करतानाची ती दया, सगळं एकदम जागेवर पडलं. तीन महिने या घरात त्यांना माफ केलेलं होतं.

"मी म्हणालो नाही तू घेतलेस म्हणून," नवरा म्हणाला. "एवढंच म्हटलं की विचारू नकोस. तुझ्यासाठीच केलं गं. तुला त्रास नको म्हणून."

"तुम्हाला काय वाटलं होतं?" ताईंनी विचारलं. "त्या दिवशी. आत, मनात. मी घेतले, की मशीनने?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं साध्या गोष्टींत तो किती तरी वेळा बोलला होता, शांततेसाठी. पण चारही जणांच्या हातात तो कागद होता, आणि त्याची नजर दाराशी, चपलांकडे गेली.

सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यात हात घालून नोटा काढल्या. "घे गं बाई. तुझे तुला."

"माझे नाहीत ते," ताई म्हणाल्या. "ज्यांनी दिले त्यांना द्या."

नवरा काहीतरी बोलायला लागला. ताईंनी त्याच्या हातातली प्रत काढून घेतली, दिलगीर आहोत लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं आणि कागद परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"बँक माझी कोणी लागत नव्हती," त्या म्हणाल्या. "तिने तरी नोटा मोजून पाहिल्या."